दिवा बंद आहे, एवढे पुरत नाही

‘आमच्या रस्त्यावरचे दिवे कितीतरी दिवस बंद आहेत. घरपट्टी मात्र वेळेवर घेता. पालिका झोपली आहे का?’ अशा मजकुराची जाहीर तक्रार महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात रोज कोणीतरी लिहीत असते. लिहिणाऱ्याचा राग खरा असतो आणि अंधारही खरा असतो. पण पालिकेच्या विद्युत विभागातल्या माणसाने हा मजकूर वाचला, तर त्याने नेमके कुठे जायचे? ‘आमचा रस्ता’ म्हणजे कोणता, दिवे म्हणजे किती, ‘कितीतरी दिवस’ म्हणजे कधीपासून, यातले काहीच त्यात नाही. तो फार तर ‘कृपया पत्ता कळवा’ असे उत्तर देतो. लिहिणारा तोवर दुसऱ्या कामात गुंतलेला असतो आणि तक्रार तिथेच अडकते.

रस्त्यावरच्या दिव्याची तक्रार शेवटी ज्याच्यापर्यंत पोचायची असते, तो आयुक्त नसतो, उपायुक्तही नसतो. तो असतो वायरमन. मधल्या पायऱ्या साधारण सगळीकडे सारख्याच आहेत. तक्रार प्रभागाच्या किंवा क्षेत्रीय कार्यालयात नोंदली जाते, तिथून विद्युत विभागाच्या कनिष्ठ अभियंत्याकडे जाते, तो ती देखभालीच्या ठेकेदाराकडे पाठवतो आणि ठेकेदाराचा मुकादम शिडीची गाडी घेऊन निघालेल्या वायरमनला सांगतो. या प्रवासात मजकूर आटत जातो. चार परिच्छेदांचे पत्र असले तरी वायरमनच्या हातात पडते एक ओळ: अमुक रस्ता, अमुक खांब, दिवा बंद. ती ओळ तक्रार करणाऱ्यानेच नीट लिहून दिली, तर पुढे प्रत्येकाने ती फक्त पुढे सरकवायची असते. नाही लिहिली, तर मधला कोणीतरी ती आपल्या अंदाजाने लिहितो आणि बऱ्याच फेऱ्या तिथेच फुकट जातात.

सभ्यपणे लिहायचे म्हणजे विनवण्या करायच्या, असा एक गैरसमज आहे. तशी गरज नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ मध्ये महापालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांची यादी आहे आणि सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्ती करणे हे त्यातले एक कर्तव्य आहे. नगरपरिषदांसाठी १९६५ च्या अधिनियमात कलम ४९ आहे. मुंबईला स्वतःचा १८८८ चा वेगळा कायदा आहे, त्यातही दिवाबत्ती कर्तव्यांमध्येच येते. तेव्हा मागणारा उपकार मागत नसतो. पण म्हणून पहिल्याच ओळीत कलमे फेकायचेही कारण नाही. कार्यालयातला माणूस कलम वाचून शिडी काढत नाही, पत्ता वाचून काढतो. कलमांची वेळ आली तर ती नंतर येते.

आधी ठरवायचे ते हे की दिवा आहे कोणाचा. हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही आणि मुंबई हे त्याचे उत्तम उदाहरण. शहर एक, महापालिका एक. पण रस्त्यावरच्या दिव्यांची देखभाल वीज कुठून येते त्यावर ठरते. कुलाब्यापासून माहीम आणि शीवपर्यंतच्या शहर भागात दिवे ‘बेस्ट’ सांभाळते. त्यापुढच्या बहुतेक उपनगरांत ते काम २०१८ पासून अदानी इलेक्ट्रिसिटीकडे आहे, त्याआधी रिलायन्सकडे होते. मुलुंड-भांडुपच्या पट्ट्यात महावितरण आहे. म्हणजे माहीमची खाडी ओलांडून वांद्र्याला गेले की खांब तसाच दिसतो, पण तक्रार घेणारी संस्था बदललेली असते. महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर फोन करता येतोच, पण जाहीर मजकुरात महापालिकेसोबत त्या भागातल्या वीज कंपनीचेही नाव घातले, तर ‘हे आमच्याकडे येत नाही’ या उत्तरातला एक हेलपाटा वाचतो.

बाकी शहरांत घोळ वेगळ्या तऱ्हेचा असतो. शहरातूनच जाणारा एखादा रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा असतो, बाह्यवळण राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे, कारखान्यांकडचा भाग एमआयडीसीचा. पुण्यासारख्या ठिकाणी हद्द ओलांडली की कटक मंडळ सुरू होते. सोसायटीच्या फाटकाच्या आतला रस्ता तर बहुतेक वेळा सोसायटीचाच असतो आणि तिथला दिवा सोसायटीच्याच मीटरवर चालतो. त्यासाठी पालिकेला जाहीर पत्र लिहिणारे लोकही आहेत. लहान गावांत एकाच खांबाचे दोन मालक दिसतात. खांब आणि तारा महावितरणच्या, त्यावर टांगलेला दिवा नगरपंचायतीचा किंवा ग्रामपंचायतीचा. घरांना वीज नेणाऱ्या तारांसोबतच रस्त्यावरच्या दिव्यांसाठी एक स्वतंत्र तार धावत असते. घरोघरी वीज आहे आणि गावातले सगळेच दिवे एकदम बंद आहेत, असे झाले तर बिघाड दिव्यांत नसतो. एक तर त्या तारेला वीज येत नसते किंवा थकबाकीपोटी जोडणी तोडलेली असते. तिथे ‘बल्ब बदला’ असे लिहून काहीच होत नाही.

दुसरी अडचण वेळेची आहे. दिवा रात्री बंद पडतो आणि दुरुस्ती करणारे बहुतांशी दिवसा काम करतात. दिवसा सगळेच दिवे बंद असतात, मग बिघडलेला कोणता हे ओळखायचे कसे? त्यासाठी वायरमन फीडर पिलर उघडतो आणि त्या रस्त्याचे दिवे भर दुपारी चालू करून पाहतो. (रस्त्याच्या कडेला कंबरेएवढी, पत्र्याची कपाटासारखी पेटी उभी असते, तो हा फीडर पिलर. तीस-चाळीस दिव्यांची वीज तिथून वाटली जाते.) बाराच्या उन्हात दिवे जळताना पाहून जे लोक ‘विजेची उधळपट्टी’ म्हणून संतापतात, त्यांच्यापैकी काहींच्या रागाचे कारण खरे तर दुरुस्तीच असते. अर्थात दिवे रोजच दिवसभर जळत असतील, तर टायमर बिघडला आहे किंवा वीज सोडणारा-तोडणारा कॉन्टॅक्टर चिकटून बसला आहे, हेही तितकेच खरे.

हल्ली काही ठिकाणी फीडर पिलरमध्ये दूरनियंत्रणाची यंत्रणा बसवलेली असते आणि एखादी संपूर्ण लाइन बंद पडली तर कार्यालयाला ते कळते. पण चाळीसांतला एक दिवा गेला, तर वापरातला फरक इतका थोडा असतो की तो सहज निसटतो. म्हणून एकेका दिव्याची बातमी अजूनही त्या रस्त्याने रात्री चालणाऱ्या माणसाकडूनच यायची असते.

आणि त्या माणसाला, विजेतले काही कळत नसले तरी, एक गोष्ट सहज करता येते: खांब मोजता येतात. कोणता दिवा बंद आहे यापेक्षा कोणकोणते बंद आहेत यात कारण दडलेले असते.

समजा, एसटी स्टँडपासून सरकारी दवाखान्यापर्यंतच्या रस्त्यावर एकाच बाजूला बारा खांब आहेत. स्टँडच्या बाजूने मोजले तर दुसरा, पाचवा, आठवा आणि अकरावा हे चार दिवे बंद आहेत, बाकीचे आठ व्यवस्थित चालू आहेत. दुसऱ्या खांबासमोर राहणारे काका ‘आमच्या दारातला दिवा गेला’ म्हणून कळवतात. आठव्याजवळचा दुकानदार दोन दिवसांनी स्वतंत्र तक्रार करतो. पाचव्यापाशी कोणी राहतच नाही, अकराव्याची दखल कोणी घेत नाही. वायरमन येतो, दुसऱ्या खांबावर चढतो, फिटिंग बदलतो; दिवा लागत नाही. नवे फिटिंगही खराब निघाले असेल असे समजून तो दुसऱ्या दिवशी आणखी एक घेऊन येतो. आठव्या खांबाचेही तेच होते.

यात खांबांवर मुळी काही बिघडलेलेच नाही. रस्त्यावरचे दिवे तीन फेजवर आळीपाळीने जोडण्याची पद्धत आहे: पहिला खांब एका फेजवर, दुसरा दुसऱ्या, तिसरा तिसऱ्या, चौथा परत पहिल्या. भार तिन्हींवर सारखा वाटला जावा आणि एक फेज गेली तरी रस्ता पूर्ण अंधारात बुडू नये, हा त्यामागचा विचार. दर तिसरा दिवा बंद असेल तर एक फेज गेली असल्याची शक्यता सगळ्यात मोठी. फीडर पिलरमधला त्या फेजचा फ्यूज उडालेला असतो किंवा कॉन्टॅक्टरचा एक पॉइंट जळालेला असतो. चार दिव्यांचे काम जमिनीवर उभे राहून अर्ध्या तासात होण्यासारखे असते. शिडीची गाडीसुद्धा लागत नाही. हे कळायला एवढीच माहिती पुरली असती की दोन, पाच, आठ आणि अकरा बंद आहेत.

त्याच रस्त्यावर आठपासून बारापर्यंतचे पाचही दिवे बंद असते, तर गोष्ट वेगळी झाली असती. सातव्यापर्यंत वीज येते आणि पुढे जात नाही, म्हणजे सातव्या-आठव्या खांबाच्या बुंध्यातली जोडणी सुटली आहे किंवा त्या दोघांमधली जमिनीखालची केबल तुटली आहे. आणि एकच दिवा बंद, आजूबाजूचे सगळे चालू, असे असेल तर बिघाड त्या खांबापुरताच: फिटिंग, त्यातला एलईडीचा ड्रायव्हर, नाहीतर बुंध्यातल्या पेटीतला फ्यूज. तक्रार करणाऱ्याने निदान करायचे नसते. त्याने फक्त दिसते तसे लिहायचे. निदान ज्याचे त्याला करू द्यावे.

आता याच रस्त्याबद्दल एखाद्या बाईंनी पुढचा मजकूर जाहीरपणे लिहिला असे धरू.

‘मा. विद्युत विभाग, नगरपरिषद. एसटी स्टँड ते सरकारी दवाखाना या रस्त्यावर, दवाखान्याकडे जाताना डाव्या हाताच्या बारा खांबांपैकी चार खांबांवरचे दिवे सोमवारपासून बंद आहेत. स्टँडच्या बाजूने मोजल्यास २, ५, ८ आणि ११ क्रमांकाचे. आठव्या खांबावर रंगवलेला क्रमांक फोटोत दिसतो. तो मेडिकलच्या दुकानासमोर आहे. बाकीचे दिवे संध्याकाळी सातच्या सुमारास नेहमीप्रमाणे लागतात. गेल्या आठवड्यात याच बाजूच्या पदपथावर खोदकाम झाले होते. रात्री दवाखान्यात पायी जाणारे लोक याच बाजूने चालतात. कृपया तपासून घ्यावे. नोंद केल्यावर तक्रार क्रमांक कळवावा, म्हणजे इथल्या बाकीच्या रहिवाशांना तो देता येईल.’

ऐंशीच्या आसपास शब्द. यात विशेषणे जवळजवळ नाहीत. ‘भयाण’ अंधार नाही, ‘गलथान’ कारभार नाही. तरी प्रकरणाचे गांभीर्य कमी झालेले नाही. दवाखान्याला पायी जाणाऱ्या लोकांचे एक वाक्य ते काम करते. दिव्यांची कामे कोणत्या क्रमाने घ्यायची हे कनिष्ठ अभियंत्याला ठरवावे लागते. शाळा, दवाखाना, वळण, उतार, गतिरोधक अशी ठोस खूण दिसली तर क्रम वर आणायला त्याला कारण मिळते.

या मजकुरातले सगळ्यात विचारपूर्वक लिहिलेले वाक्य खोदकामाचे आहे. बाईंनी ‘खोदकाम झाले होते’ एवढेच लिहिले. ‘खोदणाऱ्यांनी केबल तोडली’ असे लिहायचा मोह कोणालाही झाला असता. पण पहिली गोष्ट त्यांनी पाहिली होती, दुसरी पाहिली नव्हती, आणि दर तिसरा दिवा बंद असताना कारण फीडर पिलरमधले निघण्याचा संभव अधिक. जाहीर लिखाणात अंदाज खोटा ठरला की खरा भागही संशयात जातो. खोदकामवाल्या ठेकेदाराने ‘आमचा संबंध नाही’ म्हणून उत्तर दिले की चर्चा दिव्यावरून त्याच्यावर जाते आणि दिवा राहतो बाजूला. एखाद्या अभियंत्याचे नाव घेऊन ‘पैसे खाल्ले’ असे पुराव्याशिवाय लिहिले, तर प्रकरण बदनामीपर्यंत जाऊ शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये तो गुन्हा आहे.

पत्ता लिहिण्यातही थोडी कला आहे. ‘शिवाजी चौकाजवळ’ हा महाराष्ट्रातला सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात निरुपयोगी पत्ता असावा. चौक नसलेले गाव विरळा आणि मोठ्या शहरांत तर ते एकाहून जास्त. खांबावर रंगवलेला किंवा पट्टीवर ठोकलेला क्रमांक असेल तर त्याच्याइतके नेमके दुसरे काही नाही, कारण विभागाची नोंदवही त्याच क्रमांकांवर चालते. क्रमांक पुसला गेला असेल, जाहिरातींच्या कागदांखाली गेला असेल, तर दोन पक्क्या खुणा द्याव्यात आणि कोणत्या बाजूने मोजले हे जरूर सांगावे. ‘पाचवा खांब’ हा दुसऱ्या टोकाने मोजल्यास आठवा होतो.

फोटो लावायचा तर एक गंमत लक्षात घ्यायला हवी. हल्लीचे मोबाइल रात्रीचा फोटो काढताना जास्त वेळ उजेड साठवतात, त्यामुळे काळोखी गल्लीसुद्धा चित्रात लख्ख दिसते. तक्रार अंधाराची आणि पुरावा उजेडाचा, असा विनोद त्यातून होतो. म्हणून दोन फोटो लागतात. एक दिवसाचा, खांब आणि त्याचा क्रमांक वाचता येईल असा. दुसरा रात्रीचा, थोडा लांबून, ज्यात शेजारचा चालू दिवा आणि हा बंद दिवा एकाच चौकटीत येतील. तुलना असली की कॅमेऱ्याने कितीही उजेड वाढवला तरी फरक लपत नाही. येणाजाणाऱ्यांचे चेहरे, दारावरच्या पाट्या, गाड्यांचे क्रमांक त्यात येऊ नयेत. विशेषतः ‘या अंधारात मुलगी एकटी राहते’ असल्या तपशिलाने तक्रार बळकट होत नाही, उलट ती माहिती नको त्याच्या हाती जाते.

रात्री पुन्हा एकदा नीट वर पाहावे, हेही सांगायला हवे. बऱ्याचदा दिवा बंद नसतोच. पिंपळाची किंवा गुलमोहराची फांदी वाढून फिटिंगच्या खाली पसरलेली असते आणि उजेड पानांवरच अडतो. तिथे ‘दिवा बंद’ अशी तक्रार गेली की वायरमन येतो, दिवा चालू असल्याचे पाहतो आणि ‘निकाली’ असा शेरा मारतो. त्याच्या दृष्टीने तो खोटेही बोलत नसतो. हे काम उद्यान विभागाचे. शहरातल्या झाडाची फांदी छाटायची तर झाडांच्या संरक्षणासाठीच्या १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, तेव्हा त्याला वेळही वेगळा लागतो. ‘दिवा चालू आहे, पण फांदीमुळे उजेड रस्त्यावर पोचत नाही’ असे लिहिले तर तक्रार योग्य टेबलावर जाते.

याहून चकवणारा प्रकार आहे तो मधूनमधून विझणाऱ्या दिव्याचा. जुने पिवळे सोडियमचे दिवे अजून जिथे आहेत तिथे तो हमखास दिसतो. हा दिवा म्हातारा झाला की पेटतो, तापतो आणि पुरता तापला की त्याला चालू राहायला लागणारा दाब चोकला पुरवता येत नाही. मग तो विझतो, काही मिनिटे थंड होतो आणि परत पेटतो. रात्रभर हाच खेळ चालतो. एलईडीत कारणे वेगळी: ड्रायव्हर तापल्यावर दगा देतो, वाऱ्याने ढिली जोडणी हलते, पावसात फिटिंगमध्ये पाणी शिरते. वायरमन संध्याकाळी सातला येऊन पाहतो तेव्हा दिवा शहाण्यासारखा जळत असतो आणि तक्रार बंद होते. इथे घड्याळ कामी येते. ‘सातला लागतो, नऊच्या सुमारास विझतो, दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा लागतो’ किंवा ‘पाऊस पडला त्या तिन्ही रात्री बंद होता, कोरड्या रात्री चालू’ हे एक वाक्य अनुभवी वायरमनला बिघाडाचे नाव सांगून जाते.

एवढे सगळे फोनवरही सांगता येते, मग जाहीरपणे का लिहावे? एक कारण असे की एकाच दिव्यासाठी दहा जण वेगवेगळे फोन करतात आणि दहा नोंदी होतात, किंवा ‘कोणीतरी केलाच असेल’ म्हणून एकही करत नाही. सगळ्यांना दिसेल अशी एक नोंद असली तर दोन्ही टळते. ब्रिटनमध्ये ‘मायसोसायटी’ या संस्थेने २००७ मध्ये ‘फिक्समायस्ट्रीट’ ही सेवा सुरू केली, ती याच कल्पनेवर उभी आहे. नागरिक नकाशावर जागा दाखवून खड्डा किंवा बंद दिवा कळवतो, तक्रार त्या भागाच्या स्थानिक संस्थेकडे जाते आणि सगळ्यांना दिसत राहते. नवीन माणूस लिहू लागला की आसपास आधी कळवलेल्या गोष्टी त्याला पाहता येतात. आपल्याकडे पुणे महापालिकेची ‘पीएमसी केअर’ किंवा राज्य सरकारचे ‘आपले सरकार’ अशा सोयी आहेत. जाहीर मजकूर त्यांच्या जागी येत नाही. आधी तिथे नोंद करून क्रमांक घ्यावा आणि तो क्रमांक जाहीर मजकुरात द्यावा, हा क्रम चांगला.

त्या क्रमांकाला एक व्यावहारिक किंमत आहे. देखभालीचे काम ठेकेदाराकडे असेल तर करारात दुरुस्तीची मुदत आणि ती चुकल्यास दंड अशा अटी बहुधा असतात. मुदत मोजायची कधीपासून? तक्रार नोंदली तेव्हापासून. नगरसेवकाला तोंडी सांगितलेले, चहाच्या टपरीवर मुकादमाच्या कानावर घातलेले या हिशेबात येत नाही. कधी दिवा त्याने लवकर लागतोही, पण लागला नाही तर मागे काहीच उरत नाही.

काही बाबतींत मात्र लिहीत बसू नये. खांबाच्या बुंध्यातल्या पेटीचे झाकण उघडे आहे आणि वायरी बाहेर लोंबताहेत, खांब एका बाजूला कलला आहे, ठिणग्या पडताहेत, साचलेल्या पाण्यात खांब उभा आहे आणि जवळ गेलेले जनावर झटका बसल्यासारखे उडाले, असे काही दिसले की आधी फोन. महावितरणच्या भागात १९१२, मुंबईत १९१६, आणि कोणाला शॉक बसला असेल तर ११२. तिथे खांबाला हात लावून पाहणे, काठीने वायर बाजूला सारणे, फोटोसाठी जवळ जाणे यातले काही करू नये. लोकांना लांब ठेवावे. जाहीर मजकूर नंतर, धोका टळल्यावर.

आणखी एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. खांब आहे आणि दिवा बंद आहे, ही दुरुस्तीची तक्रार. जिथे खांबच नाही तिथे दिवा हवा, ही नव्या कामाची मागणी. तिला अंदाजपत्रक, मंजुरी, तरतूद असा वेगळा रस्ता आहे आणि तो आठवड्यांचा नसून महिन्यांचा असतो. दोन्ही एकाच मजकुरात घातली की सोपे कामही अवघडाच्या फायलीत जाऊन पडते. दवाखान्याच्या रस्त्यावरच्या चार दिव्यांसोबत ‘आणि मागच्या गल्लीत दोन नवे दिवे बसवा, गटारही साफ करा’ असे जोडले असते, तर ते पत्र तीन विभागांत फिरत राहिले असते.

दुरुस्ती झाल्यावर त्याच मजकुराखाली दोन ओळी लिहाव्यात. ‘२, ५ आणि ११ क्रमांकाचे दिवे काल रात्रीपासून लागले. ८ क्रमांकाचा अजून बंद आहे. धन्यवाद.’ आभार मानणे हा सौजन्याचा भाग झाला, पण या ओळींचे काम त्याहून मोठे आहे. फेज परत आल्यावरही एक दिवा लागला नाही, म्हणजे त्या खांबावर वेगळा बिघाड आहे, हे वायरमनला यातून कळते. आणि चारही दिवे निकालात काढून मोकळे होण्याची वाट बंद होते. तक्रार न पाहताच बंद केली गेली, असेही होते. तेव्हाही नवी तक्रार करण्यापेक्षा जुना क्रमांक देऊन, त्या रात्रीचा फोटो लावून, ‘तक्रार निकाली दिसते, दिवा मात्र बंद आहे, कृपया पुन्हा पाहावे’ एवढेच लिहावे. नव्या क्रमांकाने मुदत नव्याने सुरू होते आणि मागचे दिवस हिशेबातून गळतात.

आठवडे जाऊनही काही हलले नाही, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज हा पुढचा टप्पा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायची जबाबदारी त्या कार्यालयाची आहे, त्यामुळे पालिका की बांधकाम खाते हा घोळ इथे अर्जदाराच्या गळ्यात पडत नाही. मात्र ‘दिवा का लागत नाही?’ असे विचारले तर बहुधा काही हाती लागत नाही, कारण या कायद्याने मागता येते ती कार्यालयात असलेली नोंद. ‘का’चे स्पष्टीकरण नव्हे. मागायचे ते असे: अमुक क्रमांकाच्या तक्रारीवर झालेल्या कार्यवाहीच्या नोंदीची प्रत, त्या प्रभागाच्या पथदिवे देखभालीच्या कराराची प्रत आणि त्या महिन्यात ठेकेदाराला दंड आकारला असल्यास त्याचा तपशील. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. दवाखान्याच्या रस्त्यावरच्या बाईंचा मूळ मजकूर त्या मर्यादेत सहज बसणारा होता. अर्ज लिहिताना त्यातली रस्त्याची आणि खांबांची ओळ जशीच्या तशी उचलता येईल.